तीन सेक्टर केले म्हणून क्षमता तिप्पट का होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "लेख वाचला, पण पटला नाही. इंटरफिअरन्सचा एवढा बाऊ कशाला? टॉवरची पॉवर वाढवली की आपला सिग्नल वरचढ होणारच. आणि सेलचे तीन सेक्टर केल्यावर क्षमता घटते हे तुमचं वाक्य तर सरळ उलटं आहे. तीन अँटेना म्हणजे तिप्पट कॉल, साधा हिशेब. शिवाय 4जी मध्ये सगळ्या टॉवरवर एकच फ्रिक्वेन्सी असते. मग 7 आणि 4 च्या क्लस्टरचं हे जुनं पुराण आता कुणाच्या कामाचं?"

पॉवरचं आधी उरकून घेतो, कारण ते चटकन संपतं. समोरचा अडथळा नॉइजचा असता तर तुमचं म्हणणं बरोबर होतं. नॉइज आपल्या जागी स्थिर असतो, पॉवर वाढवली की सिग्नल त्याच्या वर येतो. पण इथे अडथळा म्हणजे तीच फ्रिक्वेन्सी वापरणारा दूरचा दुसरा टॉवर. सगळ्यांनी पॉवर दुप्पट केली तर हवा तो सिग्नल दुप्पट आणि नको तोही दुप्पट, गुणोत्तर जिथल्या तिथे. तुम्ही एकट्यानेच वाढवली तर तुमच्या सेलमधले, म्हणजे तुमच्या टॉवरच्या हद्दीतले, लोक खूश होतील, पण त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या सहा सेलमध्ये तुम्हीच अडथळा होऊन बसाल. मग ते सहाजणही पॉवर वाढवतील आणि सगळे पुन्हा मूळ पदावर.

गुणोत्तर पॉवरने हलत नाही, तर कशाने हलतं? दोन अंतरांनी. एक सेलची त्रिज्या R, दुसरं तीच फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या जवळच्या सेलपर्यंतचं अंतर D. सगळे चॅनल आपसात वाटून घेणाऱ्या सेलच्या गटाला क्लस्टर म्हणतात. षटकोनी मांडणीत क्लस्टरमध्ये N सेल असतील तर

```
D/R = √(3N)
S/I ≈ (√(3N))^n / 6
```

इथे S/I म्हणजे हव्या सिग्नलचं नको त्या सिग्नलशी गुणोत्तर आणि n म्हणजे अंतरासोबत सिग्नल किती झपाट्याने मरतो त्याचा घातांक. शहरी वस्तीत तो साधारण 4 धरतात. खालचे 6 म्हणजे पहिल्या कड्यातले सहा को-चॅनल शेजारी, तीच फ्रिक्वेन्सी वापरणारे सेल. या सूत्रात पॉवर कुठेच नाही आणि सेलचा प्रत्यक्ष आकारही नाही. सेल पाच किलोमीटरचा असो की पाचशे मीटरचा, सगळ्यांची पॉवर त्या मापाने ठेवली की गुणोत्तर तेच राहतं. सेल लहान करत नेऊन क्षमता वाढवता येते ती याच कारणाने.

आता सेक्टरचा मुद्दा. यावर थोडा वेळ घालवतो, कारण खरी गोम इथेच आहे.

उदाहरण जुनंच घेतो, अमेरिकेतल्या ॲम्प्स या ॲनालॉग यंत्रणेचं. 1983 साली शिकागोत ती व्यावसायिकरीत्या सुरू झाली. पुढे स्पेक्ट्रम वाढवून मिळाल्यावर एका ऑपरेटरच्या वाट्याला 30 किलोहर्ट्झचे 416 चॅनल आले. त्यातले 21 कंट्रोलसाठी, म्हणजे बोलण्यासाठी 395. आवाज नीट ऐकू यायला S/I निदान 18 डेसिबल हवा, असं ऐकणाऱ्यांच्या चाचण्यांवरून ठरलं होतं. वरच्या सूत्रात N = 4 घाला: 144 भागिले 6 म्हणजे 24, अर्थात 13.8 डेसिबल. पुरत नाही. N = 7 घाला: 441 भागिले 6 म्हणजे 73.5, अर्थात 18.7 डेसिबल. पुरतं, पण काठावर. मोबाइल सेलच्या अगदी कोपऱ्यात धरला आणि सहाही शेजारी सारख्याच अंतरावर आहेत हे सोयीचं गृहीतक सोडलं, तर आकडा 17 च्या आसपास उतरतो. म्हणजे 7 च्या क्लस्टरमध्येही कोपऱ्यातल्या माणसाला पूर्ण हमी नव्हतीच.

395 चॅनल सात सेलमध्ये वाटले तर प्रत्येकी 56 किंवा 57. 57 चॅनलचा सेल घेऊ. शंभरातले दोन कॉल नाकारले गेले तरी चालतील अशी अट ठेवली, तर अर्लांग-बी च्या तक्त्याप्रमाणे हा सेल 46.8 अर्लांग वाहतूक पेलतो. म्हणजे नाकारलेले कॉल वजा जाता सरासरी साधारण 46 कॉल एकाच वेळी चालू.

याच सेलचे 120 अंशांचे तीन सेक्टर करा आणि N सातच ठेवा. तीन अँटेना आल्या म्हणून चॅनल वाढत नाहीत, हे इथे नजरेतून सुटतं. तेच 57 चॅनल तीन जागी वाटले जातात, प्रत्येक सेक्टरला 19. आणि 19 चॅनलचा गट त्याच अटीवर फक्त 12.3 अर्लांग पेलतो. तीन सेक्टर मिळून 36.9. पूर्वी 46.8 होते.

घट कुठून आली? एका बँकेत सगळ्यांसाठी एकच रांग आणि पाच काउंटर, याऐवजी प्रत्येक काउंटरची वेगळी रांग केली तर काय होतं, तसंच. एका सेक्टरमध्ये सगळे चॅनल भरून कॉल नाकारले जात असतात आणि शेजारच्या सेक्टरमधले चार चॅनल रिकामे पडलेले असतात, पण ते उधार घेता येत नाहीत. 57 च्या गटात चॅनल सरासरी सुमारे 80 टक्के वेळ कामात असतो, 19 च्या गटात सुमारे 64 टक्के. शिवाय माणूस त्याच टॉवरभोवती फिरला तरी सेक्टर बदलला की हँडऑफ करावा लागतो, म्हणजे चालू कॉल दुसऱ्या चॅनलवर हलवावा लागतो, ते वेगळंच. माझं वाक्य एवढ्यापुरतं होतं आणि ते तसंच ठेवतो.

मग लोक सेक्टर करतात कशाला? कारण त्यातून दुसरी एक गोष्ट हाती येते. सहा को-चॅनल शेजाऱ्यांपैकी आता फक्त दोघांच्या अँटेनांचं तोंड तुमच्याकडे असतं, बाकीच्यांची पाठ. N = 7 ला कोपऱ्यातला S/I 17 वरून 24 डेसिबलच्या पुढे जातो. हवे होते 18. ही सहा डेसिबलची शिल्लक नुसती ठेवून दिली तर आवाज आणखी स्वच्छ येईल, पण कॉल वाढणार नाहीत. ती खर्च करायची ती क्लस्टर लहान करण्यावर.

तीन सेक्टर ठेवून N चार करा. कोपऱ्यातला S/I पुन्हा मोजला तर सुमारे 20 डेसिबल येतो, 18 च्या वर. आता 395 चॅनल चारच सेलमध्ये वाटायचे: प्रत्येकी 99 च्या घरात, सेक्टरला 33. 33 चॅनल 24.6 अर्लांग पेलतात, तीन सेक्टरचे मिळून 73.8. जुन्या 46.8 च्या तुलनेत दीडपटीहून जास्त, तेही एकही नवा टॉवर न उभारता. तिप्पट मात्र नाहीच.

थोडक्यात, सेक्टर क्षमता देत नाही, डेसिबल देतो. त्या डेसिबलची क्षमता करून घ्यायला N खाली आणावा लागतो. हे दोन टप्पे एकत्र मोजले की "तीन अँटेना, तिप्पट कॉल" असा भास होतो.

या आकड्यांत एक पाचर आहे, तीही सांगतो. सगळं गणित n = 4 वर उभं आहे. मोकळं मैदान किंवा पाण्याचा मोठा पट्टा मध्ये आला की n खाली येतो. n = 3 धरा, सात सेलचा क्लस्टरही 18.7 वरून 12 डेसिबलवर घसरतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण सिग्नल दूरवर छान पोहोचणं हीच इथे अडचण असते. इमारती आणि झाडोऱ्याने सिग्नल लवकर मारला तर तीच फ्रिक्वेन्सी जवळ पुन्हा वापरता येते. म्हणून टॉवर मुद्दाम कमी उंच ठेवतात, अँटेना खाली झुकवतात. नवख्या इंजिनिअरला उंच जागा मिळाली की तो खूश होतो, आणि महिनाभराने तक्रारी येतात त्या त्याच्या सेलमधून नाही, तिसऱ्याच भागातून.

अशी तक्रार को-चॅनलची आहे की नुसत्या कमकुवत सिग्नलची, हे ओळखायचं कसं? सिग्नलची पातळी आणि दर्जा शेजारी ठेवून. दोन्ही वाईट असतील तर कव्हरेजचा प्रश्न. पातळी उत्तम आणि दर्जा वाईट असेल तर इंटरफिअरन्सचा संशय घ्यायचा. जीएसएम या 2जी यंत्रणेत आरएक्स-लेव्ह आणि आरएक्स-क्वाल हे दोन आकडे याचसाठी बघतात. आरएक्स-क्वाल 0 ते 7, 7 म्हणजे सर्वात वाईट. लेव्हल भक्कम असूनही क्वाल 5-6 वर अडकला असेल तर रात्री वाहतूक मंदावल्यावर संशयित सेलमधला तेवढाच कॅरिअर थोडा वेळ बंद करून बघतात. क्वाल लगेच सुधारला तर चोर सापडला. ॲम्प्सवाल्यांनी तर ही सोय यंत्रणेतच केली होती: बोलण्याच्या पट्ट्याच्या वर 5970, 6000 किंवा 6030 हर्ट्झचा एक सूर सतत सोडायचा आणि जवळच्या को-चॅनल सेलना वेगवेगळे सूर द्यायचे. भलताच सूर कानावर आला की फोनला कळे, हा आवाज आपल्या टॉवरचा नाही.

आता 4जी. सगळीकडे एकच फ्रिक्वेन्सी म्हणजे N = 1, हे खरं. पण त्याने देवाणघेवाण संपत नाही, तिची जागा बदलते. ॲनालॉगला 18 डेसिबलची पक्की अट होती: खाली गेलात की संपलं. 4जी मध्ये सिग्नल वाईट झाला तरी कॉल लगेच तुटत नाही. मॉड्युलेशन आणि कोडिंग पडतं घेतात आणि वेग उतरतो. मग प्रश्न "चालेल का" असा न राहता "प्रति हर्ट्झ किती बिट" असा होतो, आणि N चा भागाकार तिथेही आहेच.

n = 4 आणि पहिलं कडं धरून शॅननच्या सूत्राने वरची मर्यादा काढून बघा. सेलच्या कोपऱ्यावर N = 1 ला S/I शून्याखाली, उणे 3.4 डेसिबल. प्रति हर्ट्झ जेमतेम 0.55 बिट. N = 3 ला तिथेच 9.2 डेसिबल मिळतात. एक तृतीयांश स्पेक्ट्रम हातात असूनही, भागाकार करून, 1.08 बिट. म्हणजे कोपऱ्यातल्या माणसाला 3 चा क्लस्टर जवळपास दुप्पट फायद्याचा. आता तोच माणूस टॉवरपासून अर्ध्या त्रिज्येवर आणा. N = 1 ला 4.2 बिट, N = 3 ला 2.5. पारडं फिरलं.

तेव्हा एकच N सगळ्या सेलला योग्य नसतो. आतल्यांना 1 हवा, काठावरच्यांना 3. फ्रॅक्शनल फ्रिक्वेन्सी रियूज म्हणतात ते हेच: पट्ट्याचा एक भाग सगळे टॉवर आतल्या वापरकर्त्यांसाठी कमी पॉवरवर वापरतात, उरलेल्या भागाचे तीन तुकडे करून लगतचे सेल काठासाठी वेगवेगळे घेतात. एलटीई या 4जी च्याच यंत्रणेत तर शेजारचे टॉवर एक्स-टू या जोडणीवरून एकमेकांना कळवतात की पट्ट्याच्या कुठल्या भागात आपण ठरलेल्या मर्यादेहून जास्त पॉवर सोडणार आहोत, म्हणजे शेजाऱ्याने आपल्या काठावरच्या माणसाला तिथे बसवू नये. क्लस्टर नकाशावर आखून ठेवायची पद्धत गेली असली तरी त्याचं काम आता शेड्यूलर करतो, वाहतूक बघून.