ठीक पाच वाजता

भाऊबीज गुरुवारी झाली. शुक्रवारी सकाळी हिने स्टीलचे डबे उघडून हिशेब मांडला: चिवडा दीड डबा, शंकरपाळे भरपूर, चकल्या मोजून एकवीस आणि अनारसे पाच, त्यातला एक फसलेला. "रविवारी सगळ्यांना फराळाला बोलावू. तुम्ही ग्रुपवर मेसेज टाका," ती म्हणाली.

ऑफिसात पत्रं लिहिण्यात माझी 27 वर्षं गेली. मेसेज म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. चहा निवायच्या आत मी लिहून पाठवलाही:

"रविवार दि. 26 रोजी सायंकाळी ठीक 5 वाजता आमच्या निवासस्थानी दिवाळी फराळ आयोजित केला आहे. तरी सर्वांनी न चुकता उपस्थित राहावे. येणाऱ्यांची संख्या शनिवारपर्यंत कळवावी."

दहा मिनिटं ग्रुपवर चिटपाखरू नाही. मग एका भाच्याचा अंगठा आला. त्यानंतर नागपूरच्या महाल भागातून नानाकाकांचा फोन. "काहून रे बाबू, ऑडिट आहे का तुझ्या घरी? कागदपत्रं कोणती आणू?"

ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने मोबाइल मागितला, मेसेज वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणी फुटलेल्या करंजीकडे पाहतं. "न चुकता म्हणजे काय? मागच्या वर्षी कोण चुकलं होतं, सांगा." मला आठवलं. मागच्या वर्षी धरमपेठच्या आत्या आल्या नव्हत्या. म्हणजे माझा मेसेज सगळ्यांना गेला होता, पण लागला एकाच घरी. 'न चुकता', 'नक्की', 'आवर्जून' हे शब्द लिहिणाऱ्याला प्रेमाचे वाटतात. वाचणाऱ्याला त्यात मागची थकबाकी दिसते.

मी मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. ही दुसरी चूक. तिथे मेसेज डिलीट केल्याची ओळ राहते आणि ज्यांनी मूळ मजकूर वाचला नव्हता तेही विचारू लागले, काय होतं, कोणाबद्दल होतं. इतवारीच्या मामींनी तर हिला वेगळा फोन करून विचारलं, घरी सगळं बरं आहे ना म्हणून.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. "जमलं तर, सवड असेल तर, रविवारी फराळाला आलात तर आनंद होईल. नाही जमलं तरी काही हरकत नाही." लिहून झाल्यावर मला स्वतःचाच अभिमान वाटला. एवढा नम्र मी लग्नातही नव्हतो. या वेळी मामींचा फोन थेट मलाच आला. "जावईबापू, बोलावून राहिले की नाही बोलावून राहिले? हरकत नाही म्हणता, म्हणजे नाही आलो तर बरंच ना?" मामी हिच्या, त्यामुळे पुढचा अर्धा तास घरात काय झालं ते लिहीत नाही.

शेवटी आई उठली. आईला मेसेज लिहिता येत नाही, पण बोलावणं येतं. तिने आधी मला एकच गोष्ट सांगितली, आणि ती मला 27 वर्षांत कोणी शिकवली नव्हती: "आग्रह माणसाचा करायचा, मोकळीक वेळेची द्यायची. तू उलटं करून राहिला." खरंच होतं. पहिल्या मेसेजात मी वेळ आवळली होती आणि दुसऱ्यात माणूसच सोडून दिला होता. 'जमलं तर या' आणि 'कधीही या' यात दोनच शब्दांचा फरक, पण पहिल्यात यजमान दार लोटून घेतो.

मग तिने फोन लावायला सुरुवात केली, आणि तोही क्रमाने. आधी वयाने मोठे, मग व्याही, मग बाकीचे. तरुण मंडळींसाठी शेवटी ग्रुप. कारण मोठी माणसं हमखास विचारतात, "अजून कोणाकोणाला सांगितलं?" त्यावर "पहिला तुम्हालाच लावला" हे खरं खरं म्हणता यायला हवं.

पहिला फोन नानाकाकांना. "भाऊजी, रविवारी संध्याकाळी या जी फराळाला. पाच ते आठ, केव्हाही. सांभारवडी करून राहिलो गरम गरम, सोबत कढी. तुमच्यासाठी बिनशेंगदाण्याचा चिवडा वेगळा काढून ठेवला आहे."

मी ऐकत राहिलो. यात 'फराळ उरला आहे' हा संशय सांभारवडीने मारला होता. दिवाळी संपल्यावर तीन दिवसांनी चिवड्याचं आमंत्रण कोणालाही डबे रिकामे करण्याचं कंत्राट वाटू शकतं. पण सांभारवडी काही डब्यात राहत नाही, ती येणाऱ्यासाठीच तळावी लागते. शिवाय सोबत कढी म्हटल्याने बायकांना कळलं की घरी रात्रीचा कुकर लावायची गरज नाही. आणि तो बिनशेंगदाण्याचा चिवडा! नानाकाकांचे दात मागच्या मार्चमध्ये काढले, हे मी विसरलो होतो, आई नव्हती.

आकडा मात्र तिने कोणालाच विचारला नाही. संख्या कळवा म्हटलं की माणूस ताटाचा हिशेब ऐकतो. आत्यांना तिने विचारलं, "नातवंडांच्या सुट्ट्या आहेत ना अजून?" म्हणजे दोन मुलं आलीच. व्याह्यांना विचारलं, "चहा बिनसाखरेचा किती जणांना लागतो?" तिकडून उत्तर आलं, "आम्हा दोघांनाच, मुलगा-सून घेतात साखरेचा." म्हणजे चार. अशा रीतीने तिने पाऊण तासात एकोणीसचा आकडा काढला. "काही आणू नका" हेही ती कोणाला म्हणाली नाही. ते म्हटलं की लोकांना आठवतं, काहीतरी न्यायला हवं.

ग्रुपवर मी फक्त एवढंच टाकलं: "रविवारी संध्याकाळी पाच ते आठ, फराळाला आमच्याकडे या. आई सांभारवडी तळणार आहे, मी वाढणार आहे." पाच मिनिटांत अकरा उत्तरं. त्यातल्या सात जणांनी फक्त माझ्या वाढण्यावर टिप्पणी केली होती.

रविवारी सकाळी चार जुड्या सांभार निवडून, धुऊन फडक्यावर पसरला. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीचा काही संबंध नाही. तो अगदी कोरडा व्हावा लागतो, नाहीतर सारणाला पाणी सुटून वडी तेलात फुटते आणि कढई नाल्यासारखी दिसते. खोबरं, खसखस, चारोळी परतून ठेवली. योजना अशी की साडेपाचला पहिला घाणा काढायचा, कारण पाच म्हटलं की नागपुरात सहाच्या आधी कोणी चप्पल घालत नाही.

4 वाजून 58 मिनिटांनी बेल वाजली. मी बनियनवर, हात बेसनाचे. दारात इस्त्रीच्या सदऱ्यात नानाकाका.

"ठीक पाच म्हणाला होतास ना? दोन मिनिटं आधीच आलो. लेट मार्क नको."

पहिला मेसेज डिलीट झाला होता, पण काकांच्या डोक्यातून नाही. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, पाटावर बसले आणि वड्या वळू लागले. त्यांची वडी माझ्यापेक्षा घट्ट बसते, हे आईने माझ्यासमोर तीनदा सांगितलं. सातपर्यंत एकोणीसपैकी अठरा आले.

आठ वाजून दहा मिनिटांनी इतवारीच्या मामी आल्या, हातात शंकरपाळ्यांचा डबा. कढीची वाटी तोंडाला लावलेले नानाकाका आत बसूनच ओरडले, "यांचा अर्धा दिवस लाव रे बाबू!"