फिनेलचा घमघमाट आणि एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “ताई, लेख वाचून हसू आलं. आमच्याकडे चाळीस वर्षं फिनेलनेच लादी पुसतात. वास घमघमला की समजायचं जंतू मेले. लिंबूसत्त्वाने संडास साफ होतो हे एसीत बसून लिहिणाऱ्यांनाच सुचतं. हॉस्पिटलवाले मूर्ख आहेत का? आणि व्हिनेगरची किंमत बघा एकदा.”

काका, हसलात, छान झालं. पण ‘एसीत बसून’ कशाला? लिंबूसत्त्व आणि व्हिनेगरने साफसफाई करण्यावरच्या माझ्या त्या लेखात तुमच्या घराबद्दल, तुमच्या लादीबद्दल एक अक्षरही नव्हतं. पटलं नाही तर ‘पटलं नाही’ म्हणा, विषय संपला. व्हिनेगर महाग पडतं हे मात्र मान्य, तो मुद्दा तुमचा.

आता तुमचं ‘घमघमला की मेले’. एमएस्सीनंतर माझी पहिली नोकरी फिनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होती, आणि तिथे एसी नव्हता. पांढरं फिनेल बनवणं म्हणजे पिंपात पाणी घ्यायचं, त्यात कॉन्सन्ट्रेट ओतायचं आणि काठीने ढवळायचं. त्या कॉन्सन्ट्रेटमध्ये पाइन तेल आणि साबणासारखा पदार्थ असतो. तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरले की पाणी दुधासारखं होतं. त्याला तेल फार लागत नाही, म्हणून पांढरेपणावरूनही काही कळत नाही. दुकानदारांची तक्रार यायची ती ‘वास कमी आहे’ हीच. ‘जंतू मेले नाहीत’ असं कुणी कधी म्हटलं नाही, कारण ते बघतो कोण? मग मालक पाइन तेलात हात आखडायचे आणि सुगंध सढळ हाताने घालायचे. गिऱ्हाईक खूश!

हिशेब करून बघा. एक लिटर कॉन्सन्ट्रेटमध्ये वीस लिटर पाणी घालून बाटल्या भरल्या. त्यातलं दोन टोपणं, म्हणजे साधारण 20 मिलि, तुम्ही दहा लिटरच्या बादलीत टाकलंत. बादलीत मूळ माल उरला जेमतेम एक मिलि, म्हणजे दहा हजारांत एक भाग. तरी घर घमघमतं, कारण नाकाला तेवढंही पुरतं. जंतूंना पुरत नाही. शिवाय नाकात शिरतो तो उडून गेलेला भाग. जंतू मारायचे तर औषध योग्य प्रमाणात, आधी धुतलेल्या फरशीवर, लेबलवर लिहिलेला वेळ ओलं राहावं लागतं. बऱ्याच औषधांना दहा मिनिटं लागतात. आपण मागोमाग पंखा लावतो.

ही समजूत आली कुठून तेही सांगते. जुनं काळं फिनेल कोळशाच्या डांबरातल्या क्रेसॉलसारख्या द्रव्यांचं असतं. ती द्रव्यं जंतू खरंच मारतात आणि त्यांना उग्र वासही असतो. पण बाटली किती जोरकस आहे हे वासावर ठरत नाही. त्यासाठी आयएस 1061 हे मानक आहे, आणि त्यात शुद्ध फिनॉलच्या तुलनेत औषध जंतू किती मारतं ते बघतात. त्याचा आकडा लेबलवर ‘आरडब्ल्यूसी’ म्हणून असतो. तुमच्या बाटलीवर आहे का, बघा. घरात मांजर असेल तर काळं फिनेल आणूच नका, मांजराच्या यकृताला फिनॉल नीट पचत नाही.

संडासाच्या निळ्या बाटलीचं वेगळं. त्यात बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. नाकाला झोंबते ती त्याची वाफ, आणि दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या बामसारखा वास येतो तो वरून घातलेला. भांड्याला कुबट वास येतो तो लघवीच्या क्षारांच्या पिवळ्या थरामुळे. थर तसाच ठेवून वर फिनेल ओतलं तर दोन्ही वास येतात.

तो थर लिंबूसत्त्वाने, म्हणजे सायट्रिक ॲसिडने, सुटतो. भांड्यातलं पाणी ब्रशने पुढे ढकलून कमी करा, लिटरभर कोमट पाण्यात तीन-चार मोठे चमचे विरघळवून कडेने ओता, तासभर थांबा, मग घासा. बोअरचं पाणी असेल आणि थर वर्षानुवर्षांचा, दगडासारखा असेल तर हे पुरणार नाही, तिथे निळी बाटलीच. शहाबादी फरशीवर आणि संगमरवरावर मात्र यातलं काहीच सांडू नका, दोन्ही दगड ॲसिडने खाल्ले जातात. रोजच्या लादीला धुण्याची पावडर आणि स्वच्छ फडकं पुरे. फडकं मळकं असेल तर फिनेल काही करू शकत नाही.

हॉस्पिटलवाले मूर्ख नाहीत, ते मापून घालतात. चाळीस वर्षांचं काय, राहू दे.

आणि घरात जुलाबाचा पेशंट असेल तर लिंबूसत्त्वावर विसंबू नका. भांडं घासून, भरपूर पाण्याने धुऊन मग ब्लीच वापरा. निळी बाटली किंवा लिंबूसत्त्व आणि ब्लीच एकत्र कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो वास आला तर घमघमाट समजून उभे राहू नका, दार उघडं टाकून बाहेर या.