पन्नासचा स्पीड नाचवू नका, रांग तुंबलीये त्याचं बोला

"मॅडम, तुम्ही आधी प्रश्न पूर्ण ऐकून घ्याल का?"

हे मला काल संध्याकाळी नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीत ऐकून घ्यावं लागलं. तिसऱ्या, शेवटच्या फेरीत! त्यांचं बोलणं मध्येच थांबायचं, मला वाटायचं प्रश्न संपला, मी उत्तर सुरू करायचे आणि नेमका तेव्हा प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग माझ्या कानावर आदळायचा. मग दोघंही एकदम बोलणार, दोघंही एकदम गप्प होणार, परत दोघंही एकदम "हां, बोला". असं पाच-सहा वेळा झालं. समोरच्याला माझा आवाज अगदी स्वच्छ ऐकू जात होता, म्हणजे त्यांच्या लेखी नेट उत्तम चालू होतं आणि मीच उद्धट होते.

कॉल संपला तशी मी तडक हॉलमध्ये गेले आणि टीव्ही बंद केला. पुतण्या सिनेमा बघत होता, त्याच्यावर ओरडले, तो रडायला लागला. वहिनी तिच्या मोबाइलवर सीरियल बघत होती, तिलाही बोलले. आणि आज दुपारी माझ्या तक्रारीवर इंटरनेट कंपनीचा मेसेज आला: "लाइन तपासली, 50 एमबीपीएस मिळत आहे, तक्रार बंद." बंद! मी म्हटलंच कधी की पन्नास मिळत नाहीत?

या स्पीड टेस्टचा मला मनस्वी संताप आहे. काहीही तक्रार करा, उत्तर एकच: टेस्ट करा, काटा पन्नासवर गेला की विषय संपला. गेल्या खेपेला सांगितलं राउटर बंद करून चालू करा. त्याआधी सांगितलं राउटरची जागा बदला. त्याआधीच्या महाभागाने 200 चा प्लॅन घ्यायला सांगितलं. दादाच्या मित्राने डीएनएस बदलून दिला आणि वर आपण काहीतरी केल्याच्या समाधानात निघून गेला. डीएनएसचा इथे संबंध काय? साइटचं नाव शोधायला लागणारा वेळ वेगळा आणि चालू कॉलमधलं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, अडकून पडणं वेगळं. आणि कोणीही, एकानेही, टीव्ही चालू असताना पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, किती जातो हे विचारलं नाही.

म्हणून मीच बघितलं. लॅपटॉप केबलने राउटरला जोडला, म्हणजे "वायफायमुळे असेल" ही पळवाट बंद. `ping 1.1.1.1` चालू केलं. घरात काहीच चालू नसताना 18-19 मिलिसेकंद, एकदम सरळ. मग पुतण्याला जवळ घेतलं, त्याचा तोच सिनेमा लावून दिला, वहिनीला सीरियल लावायला सांगितलं आणि बघत बसले:

```
time=19.2 ms
time=18.7 ms
time=214 ms
time=337 ms
time=296 ms
time=20.1 ms
```

पुन्हा दोन-तीन सेकंद शांत, पुन्हा तीनशेच्या वर. घड्याळ लावल्यासारखं.

हे घड्याळ येतं कुठून ते बघा. व्हिडिओ नळाच्या धारेसारखा सलग येत नाही, तुकड्यातुकड्याने येतो. समजा 4के सिनेमाला सरासरी 16 एमबीपीएस लागतात आणि एक तुकडा 5 सेकंदांचा आहे. म्हणजे तुकडा झाला 80 मेगाबिटचा, दहा मेगाबाइट. टीव्ही तो सावकाश पाच सेकंदांत मागवत नाही, लाइन देईल त्या वेगाने ओढतो. पन्नासच्या लाइनवर 1.6 सेकंदांत तो आला की टीव्ही उरलेले जवळपास साडेतीन सेकंद गप्प. सरासरी काढली तर लाइन एक तृतीयांशसुद्धा भरलेली नाही. पण त्या 1.6 सेकंदांपुरती ती काठोकाठ भरलेली असते, आणि माझ्या मुलाखतीचा प्रश्न नेमका तेव्हाच येत असतो.

बरं, लाइन भरली म्हणून एवढं बिघडायचं कारण नव्हतं. बिघडतं ते पुढच्या गोष्टीमुळे. जिथे मोठा पाइप संपून माझी पन्नासची लाइन सुरू होते, तिथल्या उपकरणात जास्तीची पॅकेट थांबवून ठेवायला बफर असतो. पाठवणाऱ्या सर्व्हरला वेग कमी करायचा इशारा बहुतेक वेळा पॅकेट हरवलं की मिळतो. बफर अवाढव्य असेल तर पॅकेट हरवतच नाही, नुसतं साठत जातं. सर्व्हरला वाटतं सगळं आलबेल आहे, तो अजून जोर लावतो. 2 मेगाबाइट साठले म्हणजे 16 मेगाबिट, पन्नासच्या वेगाने ते उपसायला 320 मिलिसेकंद. आता कॉलचं टिचभर पॅकेट आलं की ते जातं या रांगेच्या शेपटाला. 19 अधिक 320. वर दिसले ना 337? कॉलचं ॲप एवढा वेळ थांबत नाही, उशिरा आलेला आवाज टाकून देतं किंवा मागून ताणून वाजवतं. हे बफरब्लोट. रांग माझ्याकडे येणाऱ्या बाजूला तुंबली होती म्हणून मला त्यांचं तुटक येत होतं आणि माझं त्यांना नीट जात होतं. (मोबाइलचा फोटो बॅकअप चालू झाला की याच्या उलट होतं, आणि अपलोड कमी असल्यामुळे जास्त वाईट होतं: 10 च्या अपलोडवर 1 मेगाबाइटची रांग म्हणजे 800 मिलिसेकंद.)

आणि हे काही आज उमगलेलं गूढ नाही! प्रोग्रामर जिम गेटिस यांना स्वतःच्या घरी हा त्रास झाला आणि त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला, ते साल 2010. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आवरायची कोडेल नावाची पद्धत मांडली 2012 मध्ये. कल्पना किती साधी: रांग किती लांब आहे ते मोजू नका, पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते मोजा. 100 मिलिसेकंद उलटले तरी हा वेळ 5 मिलिसेकंदांच्या खाली एकदाही आला नाही, तर एखादं पॅकेट टाकून द्या, म्हणजे पाठवणाऱ्याला समजेल. त्याला जोडून एफक्यू-कोडेल आलं, त्यात प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी, त्यामुळे आवाजाचं पॅकेट सिनेमाच्या मागे उभं राहतच नाही. त्याचा जाहीर दस्तऐवज आरएफसी 8290, जानेवारी 2018. त्याच वर्षी याच कल्पनेवरचं केक लिनक्सच्या 4.19 कर्नलमध्ये आलं. सगळं फुकट, सगळं उघड. आणि तरी मला दिलेल्या डब्यात यातलं काही नाही. आहे ते "क्यूओएस" नावाचं एक पान, ज्यात कुठलं उपकरण महत्त्वाचं ते निवडायचं. म्हणजे घरात कोणाला मागे ढकलायचं ते मी ठरवायचं! कोणालाच मागे ढकलायला नकोय मला, रांग नीट लावायला हवीय.

शेवटी कपाटातला जुना राउटर काढला, त्यावर राउटरचं फुकट सॉफ्टवेअर ओपनडब्ल्यूआरटी चढवलं, रांग सांभाळणारं `luci-app-sqm` टाकलं आणि लाइन त्यातून घेतली. जे बदललं ते एवढंच:

```
uci set sqm.@queue[0].interface='pppoe-wan'
uci set sqm.@queue[0].download='45000'
uci set sqm.@queue[0].upload='9000'
uci set sqm.@queue[0].qdisc='cake'
uci set sqm.@queue[0].script='piece_of_cake.qos'
uci set sqm.@queue[0].enabled='1'
uci commit sqm
/etc/init.d/sqm restart
```

`pppoe-wan` माझ्याकडे आहे, तुमच्या राउटरवर बाहेरच्या लाइनचं जे नाव असेल ते घाला. आकडे किलोबिटमध्ये आहेत.

पहिल्यांदा मी तिथे 50000 घातले होते, पैसे पन्नासचे भरते तर पन्नास हवेत म्हणून. काडीचा फरक पडला नाही, पिंग तसाच तीनशेवर. कारण रांग अजून त्यांच्याच उपकरणात लागत होती, आणि तिथे माझं कोण ऐकणार? रांग माझ्या राउटरमध्ये लागायला हवी, तरच माझा राउटर ती सांभाळेल. त्यासाठी माझा राउटर सगळ्यात अरुंद जागा झाला पाहिजे, त्यांच्या लाइनहून थोडा अरुंद. 48000 ला पिंग दीडशेच्या आसपास, 45000 ला शांत. आलेलं पॅकेट दारात टाकून देणं वेडेपणा वाटतो, पण सर्व्हरला वेग आवरायचा निरोप त्यानेच जातो.

तरीही शांत होत नसेल तर आधी फ्लो ऑफलोडिंग, म्हणजे राउटरमधली पॅकेट झटपट पुढे ढकलायची सोय, बंद आहे का बघा. ती चालू असेल तर पॅकेट या सगळ्याला वळसा घालून निघून जाऊ शकतात, सेटिंग नुसतं दिसायला चालू. राउटरचा प्रोसेसर दुबळा असेल तर मोठ्या लाइनवर त्याचा दम निघतो आणि वेगच पडतो. 45 ला माझ्या जुन्याने तक्रार केली नाही. वायफायची स्वतःची रांग वेगळी असते, ती यात येत नाही, म्हणून केबल लावूनच मोजा.

आणि आता पुन्हा त्यांच्यावर येते, कारण राग तिथेच आहे. रात्री साडेनऊनंतर यांची लाइन पन्नासवरून 38 वर येते. मी 45 वर ठेवलेलं तेव्हा निरुपयोगी, कारण सगळ्यात अरुंद जागा परत त्यांच्याकडे सरकते. म्हणजे रात्रीसाठी मी 34000 वर उतरायचं, चोवीस तास पैसे पन्नासचे भरून. स्वतःची लाइन किती देतेय हे त्यांच्या उपकरणाला क्षणोक्षणी माहीत असतं! रांग तिथेच नीट लावली तर मला पाच काय, एक एमबीपीएससुद्धा सोडायला नको. करत नाहीत, कारण विकायचा आहे तो आकडा, आणि आकडा तर येतोच आहे.

आणि दरम्यान घराघरात आपण एकमेकांवर खेकसतोय. "टीव्ही बंद कर, माझा कॉल आहे." "डाउनलोड थांबव, मी हरतोय." एक सिनेमा आणि एक सीरियल, पन्नासच्या लाइनवर! हा काही उधळेपणा आहे का? पुतण्या त्याच्या वाटणीचंही पूर्ण वापरत नव्हता, आणि मी त्याला रडवलं. त्याची माफी मागितली मी. त्याने विचारलं, "आता लावू का?" लावला. वहिनीची सीरियल चालू, दादाचाही व्हिडिओ चालू, आणि पिंग 19, 22, 26, 21. अर्धा तास बघत होते, तिशी ओलांडली नाही.

तक्रार पुन्हा उघडली आहे. दोन्ही पिंगच्या नोंदी जोडल्या आहेत, आधीची आणि नंतरची, वेळेसकट, केबलवर घेतलेल्या. खाली एकच ओळ लिहिली: यावेळी स्पीड टेस्ट करायला सांगू नका.