पांढऱ्या बुटांवरचा पिवळेपणा उन्हाने जात नाही, उन्हाने येतो

"पांढरे कॅनव्हासचे बूट मळलेत? खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लेप लावा. फेस आला म्हणजे मळ सुटला. लेप न धुता बूट कडक उन्हात ठेवा, ऊन जेवढं कडक तेवढे बूट पांढरे. वाळल्यावर झटका, नव्यासारखे दिसतील."

आमच्या जळगावात मे महिन्यात हे करून बघितलं की काय होतं, ते माझ्या भाच्याने दाखवलं. शाळेच्या पीटीचे बूट, काळ्या मातीने माखलेले. लेप लावून त्याने ते गच्चीच्या पत्र्यावर ठेवले. संध्याकाळी बूट घेऊन आला, "मामा, मळ गेला पण हे पिवळं कुठून आलं?" शिवणीलगत आणि रबराच्या पट्टीच्या वर चहा सांडल्यासारख्या कडा उमटल्या होत्या.

आधी फेसाचं बघू. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं भेटले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे पाण्यात विरघळलेला सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार उरतो. तो मळ काढत नाही. व्हिनेगर कमी पडलं तर सोडा तसाच शिल्लक राहतो, जास्त झालं तर सोड्याचं काम संपतं. दोन्ही वस्तू उपयोगी आहेत, पण वेगवेगळ्या वेळी.

खरी चूक "न धुता" या शब्दांत आहे. कॅनव्हास म्हणजे जाड सुती कापड. ते पाणी शोषतं आणि त्या पाण्यात सोडा, साबण, मातीचा रंग, कधी आतल्या गोंदाचा अंशही विरघळतो. वाळताना पाणी आतून बाहेर येतं आणि जिथून उडतं तिथेच हे सगळं सोडून जातं. जुन्या भिंतीला खार फुटतो तसंच हे. शिवण आणि पट्टीजवळ ओल जास्त वेळ टिकते, म्हणून डाग तिथेच जमतो. शिवाय सोड्याचं ओलं कापड तापलं की खायचा सोडा हळूहळू धुण्याच्या सोड्याकडे झुकतो, म्हणजे अल्कली आणखी तीव्र होते. सुती कापडात अल्कली राहून ते तापलं की पिवळं पडतं. आपला मे महिन्यातला पत्रा म्हणजे या कामाला तवाच.

आता ऊन. पांढऱ्या कापडाला निळसर झळाळी देणारा पदार्थ कारखान्यात आणि पावडरमध्येही घालतात. कडक ऊन त्याला मोडतं, मग कापडाचा मूळ पिवळट रंग दिसू लागतो. रबराची पट्टी तर ऊन आणि हवेनेच पिवळी होते, आणि तो रंग रबरातच मुरलेला असल्याने धुऊन जात नाही.

दुसऱ्या रविवारी तीच जोडी आम्ही पुन्हा धुतली. या वेळी माती आधी पूर्ण वाळू दिली. ओली काळी माती घासली की ती धाग्यांत शिरते. लेस आणि आतली गादी काढली, कोरड्या ब्रशने झटकलं. मग अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा सौम्य लिक्विड डिटर्जंट. त्याऐवजी शू क्लीनरचा फेसही चालतो. कापडावर मऊ ब्रश, हलक्या हाताने. कडक ब्रश फक्त तळव्याला, नाहीतर कापडाला लव सुटते. खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने फक्त रबराच्या पट्टीवर घासला आणि लगेच धुतला. तिथे त्याचा बारीक खरखरीतपणा उपयोगी पडतो.

सगळ्यात जास्त वेळ खळबळण्याला दिला. पाणी चार वेळा बदललं. बूट दाबल्यावर निघणारं पाणी बोटांना बुळबुळीत लागलं किंवा त्यात फेस दिसला, तर अजून धुवायचं. शेवटी एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून त्यातून बूट काढले. उरलेली अल्कली ते मारतं. मग पुन्हा साधं पाणी. आणि व्हिनेगरच्या जवळपास ब्लीच नकोच, दोन्ही मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. जाळीदार सिंथेटिक बूट तर नुसत्या ब्लीचनेही पिवळे पडतात.

टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपलं, आत कोरा कागद भरला (वर्तमानपत्राची शाई लागते), आणि बाहेरून जुन्या पांढऱ्या धोतराची पट्टी ओली करून घट्ट गुंडाळली. पाणी आता कॅनव्हासवरून न उडता त्या पट्टीवरून उडतं, म्हणून डागही पट्टीवर जातो. बूट पंख्याखाली सावलीत ठेवले. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतही ते लवकर वाळतात.

पट्टी सोडली तेव्हा ती शिवणीच्या रेघेवर पिवळी झाली होती. कापडावरच्या कडा गेल्या होत्या. डाव्या बुटाच्या टाचेजवळ एक फिकट डाग मात्र राहिला. तो व्हिनेगरच्या पाण्यानेही हलला नाही, म्हणजे तो सोड्याचा नसून बहुधा गोंदाचा. त्याला आम्ही आणखी घासलं नाही. घासलं असतं तर नुसता तेवढाच भाग ओला होऊन भोवती नवी कड उमटली असती.