परिपत्रक कुणालाच कळू नये म्हणून

परिपत्रक निघालं आणि दुसऱ्या दिवशी एकही फोन आला नाही, तर समजा तुमचं लेखन फसलं. लोकांना सगळं कळलं! अशी नामुष्की टाळायची असेल तर पुढचं लक्षात ठेवा.

शीर्षकं हातानेच मोठी आणि ठळक करा. हेडिंगची स्टाईल लावली की अनुक्रमणिका आपोआप बनते आणि वाचणारा थेट कामाच्या पानावर जातो. मग तुमची प्रस्तावना वाचायची कुणी? मुद्द्यांचे आकडेही हातानेच टाका. साहेब ऐनवेळी तिसऱ्याखाली एक मुद्दा घुसवतात, जुना चौथा पाचवा होतो, पण सातव्या पानावरचं ‘दंडासाठी मुद्दा ४ पाहा’ तसंच राहतं. तिथे आता उद्घाटनाच्या चहापानाचा खर्च असतो. तेवढा दंड कंत्राटदार हसत भरतो.

संक्षेपांचा विस्तार कुठेही देऊ नका. ‘का.अ. यांची मंजुरी घ्यावी’ एवढं पुरे. बांधकामवाले कार्यकारी अभियंत्याकडे जातील, आस्थापनावाले कार्यालय अधीक्षकाकडे. दोघांनाही फिरणं मिळेल.

तारीख मात्र मन लावून बिघडवायची गोष्ट आहे. 05/06/2024 अशी टाका. आपल्याला ती ५ जून. पण ती एक्सेलच्या तक्त्यात चढली आणि संगणकाची मांडणी अमेरिकन असेल, तर तो निमूटपणे ६ मे करतो. बारा तारखेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही, कारण बारापर्यंतचा आकडा महिना म्हणून खपतो. 13/06/2024 ला मात्र गाडी अडते. तेरावा महिना त्याच्याकडे नाही (आपल्याकडे निदान अधिक मास तरी असतो). मग ती तारीख नुसता मजकूर बनून चौकटीत डावीकडे चिकटते, आणि ज्या तारखा त्याने ओळखल्या, त्या उजवीकडे. ही चुगली बंद करायला सगळा रकाना मध्यभागी आणा. एवढं करूनही कुणी ‘५ जून २०२४’ असं अक्षरी महिना घालून लिहू लागला, तर त्याची बदली सुचवा.

राहिली एककं. ती गाळाच. ‘मुरूम : १२’. लेखा शाखा घनमीटर धरते, पुरवठादार ब्रास धरतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर, तेव्हा मंजुरी १२ घनमीटरची आणि दारात ढीग ३४ घनमीटरचा. पोरं त्यावरून घसरगुंडी खेळू लागली की शुद्धिपत्रक काढा. मसुदा तयारच आहे : ‘दि. 05/06 च्या परिपत्रकात १२ ऐवजी ३४ असे वाचावे.’

पुरवठादार उरलेल्या २२ ब्रासच्या गाड्या भरायला घेईल.