गर्भाचं यकृत रक्ताच्या मूळ पेशी फक्त वाढवतं

"गर्भाची हाडंच तयार नसतात, मग त्याचं रक्त येतं कुठून?"

अगदी सुरुवातीला, तिसऱ्या आठवड्यात, ते गर्भाला जोडलेल्या पीतक पिशवीत तयार होतं. त्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या असतात आणि त्यांच्यात केंद्रक असतं. मात्र आयुष्यभर नवं रक्त बनवत राहणाऱ्या मूळ पेशी तिथे जन्मत नाहीत. त्या साधारण चौथ्या आठवड्याच्या शेवटी गर्भाच्या महारोहिणीच्या भिंतीतून सुटतात आणि वाहत यकृतात जाऊन बसतात. म्हणजे यकृत त्यांचं माहेर नव्हे, तिथे त्या फक्त वाढतात. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत मुख्य काम यकृतच करतं. हाडांच्या आतली रक्त बनवणारी अस्थिमज्जा अकराव्या आठवड्याच्या सुमारास हळूहळू सुरू होते आणि शेवटच्या तिमाहीत भार उचलते.

यकृताचं हे रक्त बनवायचं काम आरएच विसंगतीत, म्हणजे आई-बाळाचे रक्तगट जुळत नाहीत तेव्हा, स्पष्ट दिसतं. आई आरएच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह, आणि आईच्या प्रतिपिंडांनी बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागल्या की यकृत-प्लीहा पुन्हा जोमाने रक्त बनवतात. दोन्ही सुजतात, रक्तात केंद्रक असलेल्या कच्च्या पेशी उतरतात. यकृताचं प्रथिनं बनवायचं काम मागे पडतं, त्यामुळेही बाळाच्या अंगात पाणी साठतं. रक्तक्षय वाढतोय का, हे सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतल्या धमनीतल्या रक्ताच्या वेगावरून कळतं. रक्त पातळ झालं की तो वेग वाढतो.