डिस्चार्ज सकाळी, घरी दिवेलागणीला

डॉक्टरांनी ‘आज घरी सोडतो’ म्हटलं की लगेच पिशव्या भरायला घेऊ नका.

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात माझ्या सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम, सिस्टर्स प्रेमळ. डॉक्टर सकाळच्या राउंडला ‘जा घरी’ म्हणाले आणि आम्ही बाहेर पडलो दिवेलागणीला. मधल्या वेळात काय चालतं? ज्युनियर डॉक्टर डिस्चार्ज समरी टाइप करतात, सीनियर ती तपासतात. वॉर्डातली उरलेली औषधं फार्मसीत परत जातात, तोवर बिल बंद होत नाही. मग बिलिंग, मग विम्याचे कागद हाताळणारं टीपीए डेस्क, मग विमा कंपनी. आमच्या फाइलला एक रिपोर्ट जोडायचा राहिला होता, म्हणून कंपनीने ‘क्वेरी’ काढली. तो रिपोर्ट शोधत वॉर्ड ते तळमजला फेऱ्या कोणी मारल्या? मी!

जॉर्ज रिट्झर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९९३च्या पुस्तकात अशा साचेबद्ध कारभाराला ‘मॅकडोनाल्डायझेशन’ म्हटलं. झटपट काम, प्रत्येक गोष्टीचं मोजमाप, सगळीकडे एकच साचा आणि माणसाच्या मर्जीऐवजी यंत्रणेचा ताबा. मूळ विचार जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचा. पण रिट्झरने एक गोष्ट नेमकी हेरली: अशी दुकानं गिऱ्हाईकालाच बिनपगारी कामाला लावतात. बर्गरचा ट्रे आपणच टेबलावर न्यायचा, आपणच रिकामा करायचा. हॉस्पिटलात त्या ट्रेची फाइल होते, एवढाच फरक.

बिलिंगच्या मुलाने स्क्रीन फिरवून दाखवली. आमच्या नावापुढे हिरवा ठिपका! म्हणजे त्याचं काम ठरलेल्या वेळेत झालेलं. प्रत्येक टेबलाचं घड्याळ वेगळं. पेशंटच्या अख्ख्या दिवसाचं घड्याळ कुठल्याच टेबलावर नाही. याला रिट्झर तर्कशुद्धतेतला अतार्किकपणा म्हणतो. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पेपर स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतले, तेही काम लवकर व्हावं म्हणूनच. निकाल महिनोन्महिने रखडले आणि कुलगुरूंचं पद गेलं.

साचा नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. ऑपरेशनआधी नाव काय, बाजू डावी की उजवी, कसली ॲलर्जी, हे सासऱ्यांना इतक्यांदा विचारलं की ते वैतागले. विचारू देत! चुकीच्या बाजूला सुरी लागण्यापेक्षा ते बरं. तो साचा पेशंटसाठी आहे. डिस्चार्जचा साचा टेबलांसाठी आहे. माझं भांडण त्या दुसऱ्याशी.

कॅशलेसवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट. विमा नियामकाच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असते आणि त्यापुढच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. पण हे ३ तास डॉक्टर ‘जा’ म्हणाले तेव्हापासून मोजत नाहीत, हॉस्पिटलची रिक्वेस्ट कंपनीला मिळाल्यापासून मोजतात. तेव्हा टीपीए डेस्कवर आधी ‘रिक्वेस्ट किती वाजता गेली?’ हे विचारा आणि ती वेळ त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या.